शनिवारचं डोकं: वहिनींच्या अर्धशिशीसाठी बदललेला घरचा मेनू

आमच्या साताऱ्याच्या घरात फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं ‘चालत नाही’, आणि खाली चौदा नावं: दही, ताक, लिंबू, टोमॅटो, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, वांगं, केळं, इडली-डोसा, लोणचं, पापड, चीज, चॉकलेट, मैदा. वहिनींची अर्धशिशी वाढली की या यादीत एक नाव वाढायचं. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तरी माहेरच्या फ्रिजवरचा हा कागद मी दोन वर्षं नुसता बघत होते. गेल्या जूनमध्ये वहिनी म्हणाल्या, “ताई, आता मी जेवायचं तरी काय?” तेव्हा आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पुढच्या पाच महिन्यांत काय केलं आणि काय निघालं, ते त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

वहिनी छत्तीस वर्षांच्या, प्राथमिक शिक्षिका. घरापासून अर्ध्या तासावर शाळा, स्कूटीने जातात. घर पूर्ण शाकाहारी. डोकं बहुतेक वेळा उजव्या बाजूला ठणकतं, उजेड आणि वास सहन होत नाही, जिना चढला तरी कळ वाढते, मळमळतं, आणि उलटी झाली की थोडं हलकं वाटतं. या शेवटच्या गोष्टीमुळे घरात सगळ्यांनी त्याला ‘पित्त’ ठरवलं होतं. उलटीत पिवळं पाणी पडतं, मग बरं वाटतं, म्हणजे पित्तच. आणि पित्त म्हणजे आंबट बंद. यादीतली निम्मी नावं या एका समजुतीतून आलेली होती. खरं तर मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग असतो. झटक्यात पोट रिकामं व्हायची गती मंदावते, म्हणून दुपारी खाल्लेलं संध्याकाळी तसंच बाहेर पडतं, आणि दोष त्या दुपारच्या जेवणावर जातो.

स्वयंपाकघराला हात लावण्याआधी आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. हे मी कोणालाही वगळू देत नाही. अचानक क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, ताप आणि मान आखडणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं किंवा नेहमीपेक्षा एकदम वेगळं दुखणं, या गोष्टी मेनूने सुटणाऱ्या नसतात. वहिनींच्या बाबतीत असं काही नव्हतं. डॉक्टरांनी निदान पक्कं केलं, झटक्यासाठी गोळी दिली आणि एक प्रश्न विचारला, जो घरात कोणी विचारला नव्हता: महिन्यात किती दिवस गोळी घेता? साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान या खास अर्धशिशीच्या गोळ्या किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. वहिनी त्या रेषेच्या अलीकडे होत्या, पण फार लांब नव्हत्या. रोजची प्रतिबंधक गोळी सुरू करायची का, हे डॉक्टरांनी वही पाहून ठरवायचं म्हटलं.

वहीतलं एक पान

पहिले सहा आठवडे आम्ही खाण्यात काहीही बदललं नाही. यादी होती तशी ठेवली आणि फक्त लिहिलं. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता खाल्लं याला वहीत मोठा रकाना दिला. शिवाय झोप, चहा, पाळीची तारीख, आणि एक रकाना ‘आधीची चाहूल’ म्हणून ठेवला: जांभया, मान जड होणं, चिडचिड, काहीतरी गोड खावंसं वाटणं. झटक्याच्या काही तास आधी, कधी एकदोन दिवस आधीही, ही चाहूल लागते. हा रकाना नसेल तर खाण्याची वही दिशाभूलच करते.

जुलैतल्या एका रविवारचं पान जसंच्या तसं देते: “रात्री जेवण 9:40. झोप 11:50. उठले 8:10. मान जड, जांभया. चहा 8:35. इडली-सांबार 10:50. डोकं 11:15, उजवीकडे, ठणके. गोळी 12:40.”

आई हे पान वाचून लगेच म्हणाली, “बघ, यादीतली इडली खाल्ली आणि पंचवीस मिनिटांत डोकं धरलं.” मी तिला बोट ठेवून दाखवलं की मान आठ वाजून दहा मिनिटांनीच जड होती. इडली ताटात यायच्या आधी पावणेतीन तास झटका दारात उभा होता. आदल्या रात्रीच्या जेवणापासून इडलीपर्यंत तेरा तास पोटात अन्न नव्हतं. आदल्या संध्याकाळच्या साडेसहाच्या चहानंतर सकाळच्या चहापर्यंत चौदा तास गेले होते. त्यात झोपेची वेळही दोन तासांनी सरकलेली. एका पानावर तीन कारणं होती आणि आम्ही चौथ्यावर, म्हणजे बिचाऱ्या आंबवलेल्या पिठावर, दोन वर्षं खटला चालवत होतो.

सहा आठवड्यांत डोकेदुखीचे अकरा दिवस निघाले. चार शनिवारी, तीन रविवारी, दोन संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, दोन पाळीच्या सुरुवातीला. सोमवार ते शुक्रवार, पाळी आणि संकष्टी सोडली तर, वही कोरी होती. खाणं मात्र त्या दिवसांतही तेच होतं.

शनिवारी शाळा सकाळची असते, साडेसातला भरते. वहिनी सव्वासहाला उठून धावपळीत कपभर चहा घेऊन निघायच्या आणि दीड वाजता घरी येऊन जेवायच्या. शुक्रवारी रात्रीचं जेवण साडेनऊचं. म्हणजे साडेनऊ ते दीड, सोळा तास. अकराच्या सुमारास फळ्यावर लिहिताना डोळ्यामागे ठणका सुरू व्हायचा. घरात मात्र याला ‘उन्हाचं’ म्हणायचे, नाहीतर शनिवारी ठरलेल्या मटकीच्या उसळीचं. ती उसळ दुखणं सुरू झाल्यावर अडीच तासांनी खाल्ली जायची.

वेळेवर न जेवणं आणि उपाशी राहणं ही अर्धशिशीच्या रुग्णांकडून सर्वांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या कारणांपैकी आहेत. खाद्यपदार्थांच्या याद्यांइतकी चर्चा त्याची होत नाही, कारण न खाल्लेली गोष्ट आठवत नाही. शाकाहारी घरात या याद्या आणखी एक घोटाळा करतात. दही, ताक, शेंगदाणे, डाळ, चीज काढून टाकलं की ताटातली प्रथिनंच जातात. उरतो भात, पातळ वरण आणि दुधीची भाजी. ते जेवण दोन-अडीच तासांत उतरतं आणि पुन्हा भुकेची फट पडते. वहिनींचं त्या दोन वर्षांत चार किलो वजन उतरलं होतं आणि डोकेदुखी वाढली होती. यादी जितकी लांब, तितकी त्या जास्त वेळ उपाशी, असं ते चक्र झालं होतं.

आधी घड्याळ

दुसऱ्या सहा आठवड्यांत आम्ही फक्त वेळा बदलल्या. यादीतले पदार्थ अजून बंदच होते. हे मुद्दाम केलं, कारण दोन्ही एकदम बदललं असतं तर कशाने फरक पडला ते कळलंच नसतं. नियम साधा होता. जागेपणी चार तासांपेक्षा मोठी फट नाही, रात्रीची फट दहा तासांच्या आसपास, आणि शनिवार-रविवारी या वेळा एका तासापेक्षा जास्त सरकवायच्या नाहीत.

शाळेच्या दिवसाचं वेळापत्रक असं बसलं. सव्वासहाला चहाबरोबर एक राजगिऱ्याचा लाडू. साडेआठला पोटभर नाश्ता. पावणेबाराच्या छोट्या सुट्टीत मूठभर फुटाणे, त्यासाठी पर्समध्ये एक छोटी डबी. पावणेदोनला डबा. संध्याकाळी पावणेसहाला घरी आल्यावर फळ किंवा तुपावर भाजलेले मखाणे. सव्वाआठला जेवण. सगळ्यांत अवघड गेलं ते शेवटचं. दादा नऊला घरी येतो आणि त्याच्याबरोबर जेवायची वहिनींची सवय. आईनेच तोडगा काढला: वहिनींनी मुलांबरोबर सव्वाआठला जेवायचं आणि दादा जेवताना ताकाची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसायचं. यादीत ताक होतं, म्हणून तेव्हा ती दुधाची वाटी होती.

नाश्त्यात वेळेइतकंच त्यात काय आहे हेही पाहावं लागलं. नुसते पोहे खाल्ले की साडेदहाला पोट रिकामं वाटायचं. त्याच पोह्यांत अर्धी वाटी वाफवलेली मोडाची मटकी घातली की पावणेबारापर्यंत निभायचं. तेच उपम्याचं, रव्याबरोबर भिजवलेली मूगडाळ शिजवून घातली की फरक पडतो. कोरड्या तीस ग्रॅम डाळीत साधारण सात ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तेवढी डाळ शिजल्यावर एक छोटी वाटी होते. नाश्ता, डबा आणि रात्रीचं जेवण, तिन्हींत अशी एक वाटी डाळ, उसळ किंवा तेवढंच पनीर असावं, एवढंच मी आईला सांगितलं. मोजमाप तिने वाटीने केलं, मीही त्यापुढे गेले नाही. बाकी आठवड्याचा मेनू घरात होताच: मुगाचं धिरडं, नाचणी-ज्वारीचं थालीपीठ, डब्याला दोन पोळ्या आणि उसळ, रात्री भाकरी-पालेभाजी-वरण किंवा मुगाची खिचडी. तो बदलायची गरजच नव्हती.

शनिवारला मात्र वेगळा विचार लागला. इतक्या सकाळी कोणाच्याही घशाखाली घास उतरत नाही, वहिनींच्या तर नाहीच. पहिल्या शनिवारी पोळीचा रोल दिला, तो तसाच परत आला. मग नाचणीची पेज ठरली. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, त्यात कपभर दूध घालायचं आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटं सतत ढवळायचं. रंग गडद होतो, पिठाचा कच्चा वास जातो आणि चमच्याच्या पाठीवर पेज पातळसर धरून राहते, तेव्हा उतरवायची. गूळ उतरवल्यावर घालायचा, उकळताना घातला तर दूध फाटतं. हे कपातून पिता येतं, स्कूटीची किल्ली शोधता शोधतासुद्धा. साडेनऊच्या सुट्टीत अर्धं थालीपीठ, घरी आल्यावर दीडला जेवण. सोळा तासांची फट चारवर आली.

चहाला वेगळ्या हाताने धरावं लागलं. वहिनींचे रोज पाच कप व्हायचे, घरी तीन आणि शाळेत दोन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात दीडशे मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन धरलं आहे. म्हणजे पाच कपांत दीडशेपासून सव्वातीनशेपर्यंत. एवढ्याची सवय असलेल्या शरीराला एखाद्या दिवशी ते उशिरा मिळालं किंवा कमी मिळालं, की चोवीस तासांच्या आत त्याचीच डोकेदुखी येऊ शकते. वहिनींचा रविवार नेमका तसा होता. चहा बंद करणं मात्र चुकीचं ठरलं असतं. एकदम तोडला तर पहिल्या दिवशीच डोकं चढतं आणि मग माणूस म्हणतो, चहा सोडून उपयोग नाही. आम्ही दर आठवड्याला अर्धा कप कमी केला. चार आठवड्यांत पाचाचे तीन झाले: सकाळी सव्वासहा, दुपारी सव्वादोन, संध्याकाळी सहा. रविवारी सात वाजता दादा चहा करून उठवतो. प्यायल्यावर पुन्हा झोपायला हरकत नाही, पण चहा आणि लाडू सातला पोटात गेलाच पाहिजे.

पाण्याचंही वहीत दिसलं. शाळेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था वाईट, म्हणून वहिनी दिवसभर जेमतेम एक पेला पाणी प्यायच्या. शिक्षिकांना हे सांगायची गरज नाही. आम्ही सकाळी निघण्यापूर्वी दोन पेले आणि घरी आल्याबरोबर दोन, असं दोन्ही टोकांना वाढवलं. मधली अडचण शाळेने सोडवायची आहे, ती मेनूने सुटत नाही.

संकष्टी

चतुर्थीचा उपास वहिनी लग्नाआधीपासून करतात. सकाळी चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, आणि चंद्रोदयानंतर जेवण. चंद्रोदय कधी साडेआठला, कधी पावणेदहाला. शेंगदाणे यादीत असल्यामुळे त्यांची खिचडी बिनदाण्याची असायची, म्हणजे साबुदाणा, बटाटा, तूप. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. एक ताट खिचडी आणि मग सात-आठ तास काही नाही. दोन्ही संकष्टींच्या दुसऱ्या सकाळी डोकं धरलेलं वहीत होतं.

उपास सोडा असं मी म्हटलं नाही. म्हणायचा अधिकारही माझा नाही, आणि असं म्हटलं की बाया पुढच्या वेळी वहीत खोटं लिहितात. आम्ही उपास जेवणाच्या वेळांवर बसवला. सव्वासहाला चहा आणि राजगिऱ्याचा लाडू, साडेआठला दूध आणि फळ, पावणेबाराला पुन्हा लाडू, पावणेदोनला वरईचा भात, पावणेसहाला रताळ्याचा कीस, आणि सव्वाआठला पुन्हा वरई. चंद्र दिसल्यावर नैवेद्य दाखवून एक मोदक खायचा, उपास सुटला. आईला हे पटेल का अशी मला धाकधूक होती. ती म्हणाली, “फराळाला वेळ कोणी ठरवून दिलीय? भूक लागली की करायचा.” नंतर शेंगदाण्यांची बंदी उठल्यावर वरईबरोबर दाण्याची आमटी आली आणि उपासाचं ताट खऱ्या अर्थाने पोटभर झालं.

या सहा आठवड्यांत डोकेदुखीचे दिवस अकरावरून सहावर आले. तीन पाळीच्या वेळचे. एक गणपतीतला, त्या दिवशी आरती लांबली आणि नैवेद्याचं ताट अडीचला उठलं, वहिनी तोवर स्वयंपाकघरात उभ्या. एक रविवारचा, आणि एकाचं कारण वहीत सापडलं नाही. शनिवारी एकदाही नाही.

मग यादीतला एकेक

आता चौदा नावांची पाळी आली. इथे थोडा हिशेब सांगते, कारण सगळी गडबड इथेच होते. पहिल्या टप्प्यात बेचाळीस दिवसांत अकरा दिवस डोकं दुखलं, म्हणजे साधारण चारातला एक दिवस. अशा माणसाने काहीही खाल्लं, अगदी साधा भात खाल्ला, तरी चारातून एकदा पुढच्या चोवीस तासांत डोकं दुखणारच. म्हणून ‘त्या दिवशी टोमॅटोचं सार खाल्लं आणि दुखलं’ याला काहीही अर्थ नसतो. एक पदार्थ चार वेळा खाल्ला आणि तीनदा किंवा चारदा दुखलं, तर विचार करायचा. चारातून एकदा दुखलं तर तो पदार्थ सोडून द्यायचा, म्हणजे यादीतून सोडायचा.

चाचणीच्या अटी ठरवल्या. एका वेळी एकच पदार्थ, नेहमी खातो तेवढा. वेळेवरच्या जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही. झोप झालेली असावी. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत चाचणी नाही, कारण त्या दिवसांत झटका तसाही येतो. जांभया किंवा मान जड वाटत असेल तर त्या दिवशी रद्द. अशा दोन आठवड्यांत चार चाचण्या, की त्या पदार्थाचा निकाल. दोन-तीन पदार्थ समांतर चालवता येतील असं वाटतं, पण तो मोह आम्ही टाळला, फक्त टोमॅटो आणि लिंबू एकत्र घेतले, कारण आमच्या घरात ते बहुतेक एकाच कोशिंबिरीत असतात.

सगळ्या चौदांसाठी एवढा वेळ कुठून आणायचा? मग उपयोगाप्रमाणे क्रम लावला. ज्याच्या बंदीने ताट सगळ्यांत जास्त रोडावलं ते आधी: ताजं दही-ताक, शेंगदाणे, टोमॅटो-लिंबू, मग इडली. आठ आठवड्यांत हे चार निकाल लागले आणि चारही सुटले. दह्याच्या वेळी फक्त त्या दिवशीचं किंवा आदल्या दिवशीचं विरजण घेतलं. तीन-चार दिवसांचं आंबट दही, जे आई कढीसाठी ठेवते, त्याचं आम्हाला नक्की सांगता येत नाही. आंबवण जसं जुनं होतं तसे त्यात टायरामीनसारखे पदार्थ वाढू शकतात आणि काहींना ते सोसत नाहीत. वहिनींसाठी कढी ताज्या दह्याची होते, एवढ्यावर आम्ही थांबलो. हरभऱ्याची डाळ, वांगं, केळं आणि मैदा यांवर वहीत एकही संशयाची नोंद नव्हती, म्हणून ते चाचणीविना परत आणले.

चॉकलेटची गोष्ट वेगळी निघाली. वहीतल्या ‘चाहूल’ रकान्यात शुक्रवारी संध्याकाळी तीनदा लिहिलं होतं: ‘गोड हवंय’. मुलांच्या चॉकलेटमधला तुकडा त्या खायच्या आणि शनिवारी डोकं दुखायचं. गोड खावंसं वाटणं हीच झटक्याची चाहूल असू शकते. म्हणजे चॉकलेटमुळे झटका नाही, येणाऱ्या झटक्यामुळे चॉकलेट. चाहूल नसलेल्या दिवशी, दिवाळीच्या सुट्टीत, मुद्दाम चारदा खाऊन पाहिलं. एकदाही दुखलं नाही. आता ‘गोड हवंय’ असं वाटलं की वहिनी त्याचा उपयोग करतात: त्या रात्री जेवण आठलाच, झोप लवकर, आणि गोळी पर्समध्ये आहे ना हे पाहायचं.

यादीत नसलेला एक पदार्थ मात्र यादीत आला, गाडीवरचं चायनीज. पाच महिन्यांत तीनदा खाल्लं, दोनदा दुसऱ्या दिवशी दुखलं. त्यात अजिनोमोटो असतो, सोया सॉस असतो, मीठ भरपूर असतं, शिवाय ते खायला दहा वाजतात. यातलं कोणतं कारण हे सांगता येणार नाही. चाचणीही केली नाही, कारण ते सोडून वहिनींचं काही बिघडत नाही. दही सोडणं आणि मंचुरियन सोडणं यांना एकच तराजू लावायचं कारण नाही. चीज आणि जुनं लोणचंही तसंच बाजूला ठेवलं आहे, पापड कोणी विचारतच नाही.

दुखतं त्या दिवशी

मेनू म्हटलं की चांगल्या दिवसांचा विचार होतो, पण झटक्याच्या दिवसाचाही मेनू लागतो. आमच्याकडे पहिला नियम झाला: त्या दिवशी फोडणी नाही. तापलेल्या तेलात मोहरी-हिंग पडला की तो वास बंद खोलीपर्यंत जातो आणि वहिनींना तिथेच उमळतं. उदबत्तीही नाही. मऊ वरण-भात कुकरला लावायचा, वर फक्त मीठ. खाववत नसेल तर भाजलेल्या तांदळाच्या रव्याची पातळ पेज, मीठ घालून, गार करून. गार अन्नाला वास कमी येतो. अर्ध्या अर्ध्या वाटीने, तासा-दीड तासाने. मधे लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. चहाची वेळ चुकवायची नाही, अर्धा कप तरी. आणि गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुखणं सुरू होताच, ‘बघू थोडा वेळ’ म्हणून सव्वा तास थांबून नाही. पोटाची गती मंदावल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते.

शेवटच्या आठ आठवड्यांत डोकेदुखीचे सात दिवस होते. चार पाळीचे, एक चायनीजनंतरचा, दोन अकारण. महिन्याला आठाचे साधारण चार झाले. डॉक्टरांनी वही पाहून रोजची गोळी सध्या नको म्हटलं आणि पाळीच्या दिवसांसाठी वेगळी योजना दिली. तो भाग जेवणाने हलला नाही, हे मी स्पष्ट लिहिते. आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आम्ही सुरुवात केली तेव्हा शाळा नुकत्याच भरल्या होत्या, पावसाळी कुंद हवा होती. शेवटी दिवाळीची सुट्टी आली. ऋतूचा आणि सुट्टीचाही यात वाटा असणार. एका घरातल्या एका माणसाची ही वही आहे. दुसऱ्या घरात इडली खरोखरच दोषी निघू शकते.

फ्रिजवरचा जुना कागद वहिनींनी स्वतः काढला. तिथे आता शनिवारचं वेळापत्रक आहे, कारण मार्चमध्ये उन्हामुळे शाळा आठवड्याचे सगळे दिवस सकाळची होते आणि मग रोजच शनिवार असतो. त्याची तयारी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून करायची ठरली आहे: रात्रीचं जेवण आणि झोप दर तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं अलीकडे, पेजेसाठी दोन किलो नाचणी धुऊन वाळवून दळून आणायची, आणि साडेनऊच्या सुट्टीच्या थालीपिठासाठी आईने भाजणी जास्त करायची.